जुना रुपया ऑनलाइन विकताय? आधी त्याचा दोष लिहा!

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आजीचे चांदीचे रुपये लिलावात टाकायचेत. चमकवून टाकू का?" माझं उत्तर एकच: अजिबात नाही.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया मी चिंच लावून लख्ख केला आणि वर्णनात लिहिलं, "एकदम नव्यासारखा." बोली छान लागली, पण आठ दिवसांत नाणं परत आलं. घेणाऱ्याने ते दिव्याखाली तिरकं धरलं होतं. घासल्याचे बारीक ओरखडे दिसले. शिवाय वरच्या कडेला डाग होता. कधीकाळी माळेत ओवायला कडी लावली होती, तो डाग त्या डाकाचा. दोन्ही वेळचं कुरिअर माझ्याच माथी!

दुसऱ्यांदा मी लिहिलं, "साफ केलेलं. वरच्या कडेला कडी काढल्याची खूण. अक्षरं स्पष्ट." त्या खुणेचा जवळून फोटोही टाकला. बोली कमी लागली, पण पैसे टिकले. माझं तर ठाम मत आहे, दोष लपवून मिळालेला भाव हा उधारीचा असतो.

आता अस्सलपणा. "शंभर टक्के ओरिजिनल" लिहून कुणी विश्वास ठेवत नाही. सोनाराचा छोटा काटा घ्या. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेला असेल तर थोडं कमी. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाचा पितळी नकली रुपया १.३० च्या पुढे जातो. दोन्ही आकड्यांचे फोटो लिस्टिंगला जोडा. मात्र यातून फक्त धातू कळतो. चांदीतच पाडलेली नक्कलही यात पास होते, म्हणून दुर्मीळ वर्षाचं नाणं जाणकाराला दाखवल्याशिवाय टाकू नका.

पॅकिंग करताना नाणं मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये घाला, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये दाबून चिकटपट्टी लावा आणि पाकीट कानाशी हलवून बघा. खुळखुळ आली तर पुन्हा बांधा. पाकिटावर "नाणं" लिहू नका. कुरिअरवाला नाणी घेतो का, विमा देतो का, हे लिस्टिंगच्या आधीच विचारा.

आणि हो, परदेशातून बोली आली तर हुरळू नका. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. लिस्टिंगमध्येच लिहा, "फक्त भारतात."

तुमच्या डब्यातला रुपया काढा, पण चिंचेला हात लावू नका. आधी काटा आणा!