अंगठा सुटला, फट भरली. पण दाढांचे काय?

मूल अंगठा चोखते ही तक्रार घेऊन येणाऱ्या माता-भगिनींना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, मूल किती वर्षांचे? वर्षा-दीड वर्षाचे असेल तर घाबरण्याचे काहीच कारण नाही. चोखणे ही बाळाची उपजत गरज आहे आणि बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप थांबतात. खरा प्रश्न चौथ्या वर्षानंतरही रात्रभर अंगठा तोंडात ठेवणाऱ्या मुलांचा आहे.

रात्रीचाच का, तर दाताला जोराच्या धक्क्यापेक्षा हळू पण तासन्‌तास राहणारा दाब हलवतो. दिवसा पाच मिनिटे कचकचून चोखणाऱ्या मुलापेक्षा झोपेत पाच-सहा तास अंगठा नुसता ठेवून देणाऱ्याचे दात अधिक बिघडतात. अंगठा वरचे पुढचे दात बाहेर ढकलतो आणि खालचे आत दाबतो. मध्ये अंगठा असल्याने पुढचे दात पुरते उतरत नाहीत, तर मागच्या दाढांमध्ये अंतर राहिल्याने त्या जास्त वाढतात. मग तोंड मिटले तरी पुढे फट उरते.

ही फट सर्वांना दिसते. दुसरी गोष्ट मात्र घरात कोणाच्या लक्षात येत नाही. एरवी मिटलेल्या तोंडात जीभ टाळूला टेकलेली असते आणि वरच्या दाढांना आतून आधार देते. अंगठा किंवा चोखणी तिला खाली दाबून ठेवते. आतला आधार गेला, बाहेरून गालांचा दाब चालूच; त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. याला उलटा चावा म्हणतात. चोखणीने हा दोष विशेष होतो. (चोखणीचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे, ती लपवता येते. अंगठा कुठे लपवणार?)

आमच्या वस्तीतील एका मुलीचे उदाहरण सांगतो. साडेचार वर्षांची असताना तिच्या दातांच्या फटीत पेन्सिल सहज शिरे. भाकरीचा तुकडा ती पुढच्या दातांनी तोडू शकत नसे, दाढेकडे नेऊन तोडी. उजव्या हाताचा अंगठा इतर बोटांपेक्षा स्वच्छ, पांढरट, सुरकुतलेला. त्यावरूनच रात्रीचे चोखणे कळत होते. आजीने मिरची लावून पाहिली. तो हात डोळ्यांना लागला आणि रडून झाल्यावर पोर पुन्हा अंगठा चोखतच झोपली. मारून, लाजवून हेच होते, कारण झोपेतल्या हाताला धाक कळत नाही.

मग आईने तिला आरशात फट दाखवली आणि तिच्याच संमतीने उपाय सुरू केला. रात्री कोपराभोवती जुन्या मऊ सुती साडीची पट्टी सैलसर गुंडाळायची. हात वाकवताना ती आडवी येते आणि मुलाला झोपेतही आठवण होते. पट्टी आवळायची नाही. बोटे गार किंवा निळसर वाटली तर लगेच सोडायची. कोरड्या रात्रीच्या सकाळी कॅलेंडरवर मुलगी स्वतः फुली मारी. दीड-दोन महिन्यांत सवय सुटली आणि सहाव्या वर्षापर्यंत पुढची फट जवळजवळ भरून आली. कायमचे पुढचे दात येण्यापूर्वी सवय सुटली तर फट बहुधा अशीच आपोआप भरते.

घरच्यांना वाटले, झाले काम. पण ती दात मिटताना हनुवटी डावीकडे सरकवीत असे. वरचा जबडा अरुंद राहिल्याने सरळ मिटले तर दाढा एकमेकींवर अडत, म्हणून ती खालचा जबडा बाजूला नेऊन चावे. हा दोष फटीसारखा स्वतःहून जाईलच याचा भरवसा नसतो आणि वाढत्या वयात तसाच राहिला तर जबडा एका बाजूला वाकडा वाढू शकतो. तिला सरकारी दंत महाविद्यालयात मधोमध स्क्रू असलेली टाळूची प्लेट मिळाली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आई आठवड्यातून एकदा चावीने स्क्रू थोडा फिरवी. काही महिन्यांत जबडा रुंदावला. पुढे तीच प्लेट न फिरवता आणखी काही महिने वापरावी लागली.

तेव्हा अंगठा सुटला तरी मुलाला उजेडात बसवून हळूहळू दात मिटायला सांगावे आणि गाल बोटाने बाजूला करून पाहावे. वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर हव्यात, हनुवटी मध्यावर हवी. सवय सुटून सहा महिने झाले तरी फट तशीच असेल तर कारण दुसरे असू शकते. काही मुले गिळताना जीभ दातांमध्ये घालतात, काही नाक चोंदल्याने तोंडाने श्वास घेतात, काहींची ठेवणच आईबापांकडून आलेली असते. घोरणाऱ्या, तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवावे.