आधी गोळी, मग पोहे

ड्रॉवरमध्ये पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप असणं हा आमच्या ऑफिसचा अलिखित नियम आहे. मीही मिसळ हाणायचो, छातीत जळजळ सुरू झाली की एक गोळी टाकायचो आणि 'हिचा काही उपयोग नाही यार' म्हणून बोंबलायचो. शेवटी आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "घेतोस कधी?"

घोळ तिथेच होता. पोटात ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात. रात्री त्यातले बरेचसे झोपलेले असतात, नाश्ता आला की कामाला लागतात. ही गोळी फक्त चालू पंपच बंद पाडते. पण ती पोटात विरघळत नाही. तिचं कोटिंग आतड्यात सुटतं, मग औषध रक्तातून पंपांपर्यंत पोचतं आणि रक्तात ते काही तासच टिकतं. म्हणून नाश्त्याआधी अर्धा तास! पंप जागे होतात तेव्हा औषध हजर असतं. (चावून खाल्लीत तर कोटिंग गेलं, मग ॲसिडच गोळीची वाट लावतं.)

आता उठल्याउठल्या गोळी, मग अंघोळ, मग पोहे. पहिल्या दिवशी फरक जवळपास शून्य. सगळे पंप एका दमात सापडत नाहीत ना! तिसऱ्या दिवशी जळजळ निवली. तातडीच्या जळजळीला साधं अँटासिड बरं.

डॉक्टरांनी 14 दिवसच लिहून दिलीय. त्यानंतरही त्रास राहिला, घास अडकला किंवा शौचाला काळी झाली, तर स्ट्रिप नाही, थेट दवाखाना.