केस वाढवायची गोळीच केस घालवते तेव्हा : सेलेनियम आणि 'ए' जीवनसत्त्वाची मर्यादा किती?

बुलढाण्यातील केसगळतीने दिलेला धडा. स्वारगेटवरून गोळ्यांची डबी घेऊन गावी जाण्याआधी हा हिशेब करून बघा

स्वारगेट (पुणे) : भोर, सासवड, बारामती, साताऱ्याकडच्या गाड्या सुटतात त्या स्वारगेटला औषधांची दुकानं भरपूर. गावाकडून पुण्याला कामाला आलेला माणूस परत जाताना तिथूनच पिशवीत काहीबाही टाकून नेतो. त्यात अलीकडे केसांच्या गोळ्याही असतात. मोबाईलवर जाहिरात बघायची, नाव लिहून आणायचं आणि चिठ्ठीशिवाय डबी घ्यायची. 'व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होणार?' असं म्हणून घरातले दोघं-तिघं एकाच डबीतून खातात.

पण या गोळ्यांमधले दोन घटक असे आहेत की ते जास्त झाले तर केस वाढायचे सोडून गळायला लागतात. एक सेलेनियम, दुसरं 'ए' जीवनसत्त्व. सेलेनियम अंगात जास्त गेलं तर काय होतं, हे सगळ्या महाराष्ट्रानं दीड-दोन महिने टीव्हीवर पाहिलं आहे. फक्त ते गोळीतून गेलं नव्हतं.

शेगाव तालुक्यात काय झालं होतं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस नुसते ओढले तरी हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. कॉलेजच्या मुलींनी घराबाहेर पडणं बंद केलं. काहींनी उरलेले केस काढून टाकले.

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला. मग शाम्पू, मग बुरशी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक गावात आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः अभ्यास केला. विंचूदंशावरच्या उपचारामुळे त्यांचं नाव ग्रामीण भागात ओळखीचं आहे. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला, त्यांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट जास्त होतं, आणि ते रेशनच्या गव्हातून आलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा होता, असं त्यांचं म्हणणं. तिकडच्या काही पट्ट्यांतल्या जमिनीत सेलेनियम मुळातच जास्त असतं आणि पीक ते ओढून घेतं.

त्यांच्या तपासणीत एका किलो गव्हात सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. म्हणजे १४ हजार मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो पिठाच्या चपात्या खाणाऱ्याच्या पोटात रोज साडेतीन हजार मायक्रोग्रॅम जाणार. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे ४० मायक्रोग्रॅम. गहू धुऊन तपासला तरी आकडा फारसा उतरला नाही, कारण सेलेनियम दाण्याच्या आत होतं.

इथे कुणी चूक केली नव्हती. लोकांनी रेशनचा गहू खाल्ला, इतकंच. गोळीच्या बाबतीत मात्र सेलेनियम आपण पैसे मोजून घेतो.

सेलेनियम : थोडं लागतं, जास्त झालं की मारतं

सेलेनियम शरीराला लागतं, हे खरं. पण धान्य, डाळी, अंडी, मासे यातून ते मिळतं. जास्त झालं तर केसाच्या मुळाशी जी पेशींची भराभर वाढ चाललेली असते ती बिघडते. केस कमकुवत होतो, तुटतो किंवा मुळापासून सुटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यानुसार प्रौढाची गरज दिवसाला ४० मायक्रोग्रॅम आणि वरची मर्यादा ४००. ही मर्यादा जेवण आणि गोळ्या सगळं मिळून आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं मात्र २०२३ मध्ये आपली मर्यादा २५५ वर आणली. त्याचं कारण केसगळतीच होती. अमेरिकेत हजारो पुरुषांना कर्करोग टळतो का हे पाहण्यासाठी रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमची गोळी दिली होती. गोळी खाणाऱ्यांत केस गळण्याचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा थोडं जास्त दिसलं. म्हणजे २०० ची एक गोळी आणि रोजचं जेवण, एवढ्यावरही काहींचे केस गळू शकतात.

आता एक हिशेब मांडू. समजा एक तरुण 'केसांची गोळी' सकाळ-संध्याकाळ घेतो. प्रत्येकीत १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, झाले २००. 'इम्युनिटी'ची कॅप्सूल वेगळी, तिच्यात १००. एकूण ३००. जेवणातलं ५० धरलं तर ३५०. कुठल्याही एका डबीवर बघितलं तर आकडा छोटाच दिसतो. बेरीज केली की भारताच्या मर्यादेच्या जवळ आणि युरोपच्या मर्यादेच्या पार पलीकडे. केस गळतायत म्हणून त्यानं एक गोळी वाढवली, की ४५०.

डबीवरचा आकडा खरा असेलच असंही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एक पातळ टॉनिक विकलं गेलं. लेबलवर सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, प्रत्यक्षात त्याच्या सुमारे २०० पट. दहा राज्यांतल्या २०१ जणांना बाधा झाली. त्यातल्या दर दहापैकी सातजणांचे केस गळले. जुलाब, थकवा, सांधेदुखी आणि नखांचा रंग बदलणं हेही होतं. म्हणून लेबल नसलेली, सुटी पुडीतली 'केसांची पावडर' तर घेऊच नये. तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

'ए' जीवनसत्त्व : यकृतात साठतं, म्हणून उशिरा कळतं

दुसरा घटक 'ए' जीवनसत्त्व. हे सेलेनियमपेक्षा फसवं, कारण ते लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. आठवडे, महिने रोज जास्त घेतलं की साठा काठोकाठ भरतो आणि मग त्रास दिसतो. वाढीच्या अवस्थेतले केस वेळेआधीच गळतीच्या अवस्थेत ढकलले जातात.

प्रौढ पुरुषाची गरज दिवसाला १००० मायक्रोग्रॅम, बाईची ८४०, आणि वरची मर्यादा ३०००. डबीवर हा आकडा बऱ्याचदा 'आययू' या मापात असतो. ३००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० हजार आययू, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बाजारात २५ हजार आययूची कॅप्सूल मिळते. ती डॉक्टरनं ठरावीक आजारात ठरावीक दिवसांसाठी द्यायची असते. 'केस वाढतात' म्हणून कुणी ती रोज घेतली आणि सोबत ५ हजार आययूची मल्टिव्हिटॅमिन गोळी, तर झाले ३० हजार. मर्यादेच्या तिप्पट, रोजच्या रोज.

गाजर, पालक, शेवगा, पपई याची भीती नाही. त्यातलं बीटा कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच 'ए' मध्ये बदलतं. फार खाल्लं तर तळहात पिवळे दिसतील, पण केस जाणार नाहीत. धोका आहे तो गोळीतल्या तयार 'ए' चा. डबीवर 'रेटिनॉल' किंवा 'रेटिनाइल पामिटेट' लिहिलेलं असतं ते.

इथे एक गैरसमज होऊ नये. आशाताई किंवा अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना 'ए' चा जो डोस पाजतात, तो एक-दोन लाख आययूचा असतो. पण तो सहा महिन्यांतून एकदाच असतो. मुलाची नजर आणि जीव वाचवणारा तो डोस चुकवू नका.

दोघांनी मात्र विशेष सांभाळायचं. गरोदर बाईनं, किंवा दिवस राहण्याची शक्यता आहे अशा बाईनं, रोज १० हजार आययूच्या वर 'ए' घेतलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असलेल्या मुला-मुलींनी 'ए' ची गोळी सोबत घेऊच नये. ते औषध 'ए' च्याच कुळातलं आहे, दोन्ही मिळून विषबाधा होते.

ओळखायचं कसं?

केस गळण्याची कारणं पुष्कळ असतात. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड. आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. नेमक्या त्याच काळात गोळी सुरू होते आणि खरं कारण झाकलं जातं.

गोळीचाच दोष असेल तर केसांसोबत शरीर दुसऱ्याही खुणा देतं. सेलेनियम जास्त झालं तर श्वासाला लसणासारखा वास येतो, तोंडात धातूसारखी चव येते, नखं ठिसूळ होतात, त्यांवर पांढऱ्या रेषा उमटतात, नख गळूनही पडतं. मळमळ, जुलाब, हातापायाला मुंग्या येतात. 'ए' जास्त झालं तर आधी ओठ फुटतात, कातडी कोरडी पडून खाजते, मग डोकेदुखी, हाडं-सांधे दुखणं. भुवयांचे केस विरळ होणं हीही खूण आहे.

मग करायचं काय?

घरातल्या सगळ्या डब्या एका ठिकाणी ठेवा. केसांची, ताकदीची, इम्युनिटीची, माशाच्या यकृताच्या तेलाची कॅप्सूल, जिमची पावडर, सगळं. प्रत्येकीवर सेलेनियम आणि 'व्हिटॅमिन ए' पुढे काय लिहिलंय ते कागदावर उतरवा, दिवसाला किती गोळ्या तो गुणाकार करा आणि बेरीज करा. माप नीट बघा. एक एमजी म्हणजे १००० एमसीजी. या एका घोळात आकडा हजारपटीनं चुकतो.

बेरीज मर्यादेच्या आसपास आली किंवा वरच्या खुणा दिसल्या, तर स्वतःहून सुरू केलेल्या गोळ्या थांबवा. डॉक्टरनं दिलेली लोहाची, थायरॉइडची गोळी मात्र मनानं बंद करू नका. डब्या पिशवीत घालून ग्रामीण रुग्णालयात किंवा पुण्यात ससूनच्या त्वचारोग विभागात दाखवा. नुसतं 'व्हिटॅमिन खातो' म्हणून सांगितलं तर डॉक्टरला काही कळत नाही, डबी दिसली तर कळतं. रक्तात सेलेनियम तपासता येतं. 'ए' चा संशय असेल तर यकृताच्या तपासण्याही करतात.

यावर उतारा म्हणून घ्यायचं वेगळं औषध नाही. जास्तीचं घेणं थांबवणं हाच उपचार. केसाचं मूळ सहसा शाबूत राहतं, त्यामुळे केस परत येतात. शेगाव तालुक्यातही अनेकांना पुढे केस येऊ लागले. 'ए' चा साठा यकृतातून उतरायला वेळ लागतो, म्हणून तिथे काही महिने धीर धरावा लागतो. त्या काळात नवी डबी आणली, तर हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.