केस ताणून पाहिला, तुटला नाही. म्हणून ब्लीच करायचं का?

हायलाइट्स किंवा ग्लोबल कलर करायचा तर काळ्या केसांना अनेकदा आधी ब्लीच करावं लागतं. अशा वेळी पार्लरमध्ये अनेकदा एक केस बोटांत धरून ताणून बघतात. तुटला नाही तर "केस स्ट्राँग आहेत, काही होणार नाही" असं सांगतात. हल्ली मुली घरीही ही चाचणी करून बघतात. चाचणी चांगली आहे, फुकट आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते. पण माझं मत स्पष्ट आहे: ही चाचणी "नको" म्हणण्यासाठी वापरा, "हो" म्हणण्यासाठी नाही. असं का, ते समजून घेऊ.

केस ताणला की आत काय होतं?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचे धागे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात आणि ते दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. एक प्रकार कच्चा असतो. केस भिजला की हे बंध सुटतात, वाळला की पुन्हा जुळतात. म्हणूनच ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो. दुसरा प्रकार पक्का असतो, गंधकाच्या जोड्यांचा. पाण्याने त्याला काही होत नाही. ताणलेला ओला केस परत जागेवर येतो, तो मुख्यतः या पक्क्या बंधांमुळे.

ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसातला काळा रंग नष्ट करतं, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. रंगासोबत हे गंधकाचे बंधही तोडतं, आणि असे तुटलेले बंध पुन्हा जुळत नाहीत. रिबॉन्डिंगमध्येही हेच बंध तोडून केस सरळ केल्यावर पुन्हा जोडतात, पण सगळेच जुळत नाहीत. म्हणून ताणून बघताना खरा प्रश्न "तुटतो का?" हा नसून "परत येतो का?" हा आहे.

चाचणी नीट कशी करायची?

शाम्पू करा, तेल-सिरम काही लावू नका. ज्या भागावर सर्वांत जास्त प्रयोग झाले आहेत तिथला केस घ्या. तो बहुतेक वेळा टोकाकडचा, कपाळाजवळचा किंवा कानापुढचा असतो. टाळूवरचा नवा, जाड केस घेऊन चाचणी केली तर ती हमखास "पास" होते आणि हमखास फसवते. चार-पाच वेगवेगळ्या जागांचे केस कापून घ्या.

केसाच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी दुमडून लावा आणि मधलं अंतर 10 सेंटीमीटर ठेवा. पट्ट्या बाहेर ठेवून मधला भाग वाटीतल्या साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मग पट्टीवर (मोजपट्टीवर) धरून हळूहळू 13 सेंटीमीटरपर्यंत ताणा. त्यापुढे ताणू नका, कारण निरोगी ओला केससुद्धा साधारण 30 टक्क्यांच्या पुढे ताणला की कायमचा खराब होऊ लागतो. कुरळा केस असेल तर आधी वळण सरळ करून मग 10 सेंटीमीटर मोजा. वळण सुटणं म्हणजे ताण नव्हे. आता केस सोडा, दोन मिनिटं पुन्हा पाण्यात ठेवा आणि परत मोजा.

केस 10 वर परत आला, तर आतली बांधणी शाबूत आहे. च्युइंगगमसारखा सहज लांबला आणि लांबच राहिला, तर पक्के बंध बरेच गेले आहेत. फारसा न ताणता तटकन तुटला, तरी तो कमकुवतच. यांपैकी शेवटच्या दोन्ही गोष्टींत ब्लीचचा विचार तिथेच सोडून द्या.

एक उदाहरण

समजा एका मुलीचे केस 40 सेंटीमीटर लांब आहेत आणि दहा महिन्यांपूर्वी रिबॉन्डिंग झालं आहे. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मुळाकडचे 10 सेंटीमीटर नवे, खालचे 30 रिबॉन्डिंग झालेले. मुळाकडचा तुकडा 13 पर्यंत जाऊन 10 वर परत आला. टोकाकडचा मात्र 13 पर्यंत गेला आणि 11 वरच थांबला. एकाच केसाचे दोन निकाल! यात टोकाचा निकाल धरायचा. भावाच्या लग्नासाठी ब्लीच केलंच, तर खालचे 30 सेंटीमीटर तुटण्याचा धोका आहे आणि ते पुन्हा वाढायला अडीच वर्षं लागतील.

पास झाला तरी "हो" का नाही?

कारण ही चाचणी केस आज कसा आहे ते सांगते. ब्लीचनंतर कसा असेल ते नाही. शिवाय काही केशरंगांत आणि मेंदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. असा केस ताणून अगदी उत्तम वाटतो, पण पेरॉक्साइड लागताच तापू शकतो आणि विरघळल्यासारखा तुटू शकतो.

म्हणून पास झाल्यावर दुसरी पायरी हवीच. मानेजवळच्या आतल्या थरातली वीस-तीस केसांची बारीक बट कापा, दोऱ्याने बांधा. त्यात जुना, प्रयोग झालेला भाग असायलाच हवा. जे ब्लीच डोक्यावर लावणार तेच, तेवढाच वेळ, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत या बटेला लावा. बट गरम झाली किंवा वाफ आली तर लगेच धुवा, विषय संपला. तसं झालं नाही तर वेळ संपल्यावर धुवून याच बटेतला केस पुन्हा 13 पर्यंत ताणा. ब्लीचनंतरही तो परत आला, तरच पुढे जाण्याचा विचार करा.

आणि त्वचेबद्दल ही चाचणी एक अक्षरही सांगत नाही. टाळूवर जखम, पुरळ, आग असेल किंवा पूर्वी ब्लीचने खाज किंवा धाप लागली असेल, तर केस कितीही मजबूत असला तरी ब्लीच करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

केस गळतोय की तुटतोय?

ब्लीचनंतर "केस गळतात, थायरॉइड तपासा" म्हणत अनेकजण येतात. आधी पडलेला केस नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला आहे. त्याची कारणं शोधायला हवीत. गाठ नसेल आणि तुकडे लहान-मोठे असतील तर तो मधेच तुटलेला आहे. त्वचेबाहेर आलेला केस हा मृत भाग आहे, त्यामुळे बायोटिन किंवा लोहाची गोळी त्याचे तुटलेले बंध जोडू शकत नाही. कंडिशनरने तो मऊ लागेल, गुंता कमी होईल, तुटणं थोडं कमी होईल. पण ताणल्यावर परत न येणारा केस पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो कापून टाकणं आणि नवा वाढू देणं एवढंच हातात राहतं.

पार्लरमध्ये कोणी कोरडा केस एकदा ओढून "चालेल" म्हणालं, तर इतकंच विचारा: "टोकाचा, ओला केस ताणून परत येतो का ते बघितलंत का? आणि एका बटेवर ब्लीच लावून बघाल का?" दोन्हीला नकार मिळाला, तर तुम्हीही नकार द्या.