अनुस्वार गिळणारी काळी कड

संपादक महाशय,

मोबाइलवर मराठी सबटायटल वाचता येत नसतील तर अक्षरांभोवतीची काळी कड दुप्पट जाड करावी, असा जो हुकूमवजा सल्ला आपल्या गेल्या अंकातील चित्रपटविषयक लेखात दिला आहे, तो रोमन लिपीत कदाचित निभावून जाईल. देवनागरीत मात्र रोगापेक्षा इलाज भयंकर ठरेल, अशी माझी तक्रार आहे.

फोन उभा धरला असता आडव्या चित्राची उंची जेमतेम ४ सेंटिमीटर उरते आणि तेवढ्यात १०८० पिक्सेल-रेषांचे चित्र बसवावे लागते, म्हणजे ७ रेषा व्यासाचा अनुस्वार हा पाव मिलिमीटरचा ठिपका. काही संपादन-प्रणाली कड अक्षराच्या सीमारेषेवर मध्यभागी काढतात. अशी ४ रेषांची कड दिली की तिचा अर्धा भाग आत शिरतो, ठिपका दोन्ही बाजूंनी झिजून ३ रेषांचा होतो, आणि इंटरनेट मंदावून चित्र ३६० रेषांवर उतरले की त्याचा एकच फिकट पिक्सेल शिल्लक राहतो. मग आजीच्या मांडीवर बसलेले मूल आजीच्या माडीवर जाऊन बसते, आणि प्रेक्षक दोष देतो तो बिचाऱ्या भाषांतरकाराला!

म्हणून कड बाहेरच्या बाजूसच वाढेल अशी तजवीज करावी, आणि तीही सर्व अक्षरे जोडली गेल्यानंतर, संपूर्ण शब्दाभोवती. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कड मिळाली, की शेजाऱ्याची काळी रेघ शिरोरेषेवर चढते व अखंड रेषेचे सांध्यासांध्यावर तुकडे पडतात. चित्र थांबवून शिरोरेषा न्याहाळली, की हा दोष तत्काळ ध्यानात येतो.

ठळकपणा हवाच असेल तर तो कडेकडून न मागता टंकाकडून मागावा. सुलेखनाच्या वळणाचे, आडव्या रेषा नाजूक असलेले टंक येथे निरुपयोगी. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारख्या जवळजवळ समान जाडीच्या टंकाचा सेमी-बोल्ड प्रकार पुष्कळ बरा. आकाराचा आकडा मात्र इंग्रजी सबटायटलांवरून उचलू नये, कारण कित्येक प्रणालींत तो आकडा वरच्या मात्रांपासून खालच्या उकारांपर्यंतची सारी जागा धरून मोजला जातो व त्याच आकड्यात देवनागरी अक्षर लहान उमटते.

अक्षरांसाठी पिवळ्या रंगाचा आग्रहही सोडावा. सामान्य व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे चित्रातच छापलेल्या पिवळ्या अक्षरांच्या कडा पांढऱ्यांपेक्षा लवकर विरघळतात. अर्थात चित्र २४० रेषांवर घसरले, की चित्रात छापलेल्या अक्षरांच्या बाबतीत हे सारे उपाय हात टेकतात. तेथे सबटायटलांची फाइल वेगळी ठेवावी, म्हणजे अक्षरे फोन स्वतःच्या पूर्ण बारकाईने काढतो.

आपला,
एक सबटायटलकार, पुणे