ठोके १६८ म्हणजे मुलगी? गर्भलिंगाच्या 'घरगुती' खुणांविषयी

काही महिन्यांपूर्वी एक सासूबाई सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसल्या. नववा आठवडा, बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १६८. "डॉक्टर, १४० च्या वर म्हणजे मुलगीच ना?" सून मान खाली घालून बसली होती. तिला पहिली मुलगी आहे.

ठोक्यांवरून काहीही कळत नाही, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं, डॉक्टर कायद्याला घाबरून बोलत नाहीत. बत्तिसाव्या आठवड्यात तपासणीला आल्या तेव्हा ठोके १३६ होते. सासूबाई एकदम खूश! "आता मुलगा दिसतोय!" पोटातलं बाळ मात्र तेच होतं. मधले पाच महिने घरात आपल्याशी कोणी धड बोलत नव्हतं, हे सुनेने मला नंतर एकटीला गाठून सांगितलं.

म्हणून 'असू दे हो, गंमत असते' हे मला मान्य नाही.

ठोके का बदलतात?

सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचं हृदय सोनोग्राफीत दिसू लागतं तेव्हा त्याचा वेग साधारण १०० ते १२० असतो. तो झपाट्याने वाढतो आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात १७० च्या आसपास जातो. पुढे हृदयाला आवर घालणाऱ्या नसांचा विकास होतो आणि वेग हळूहळू उतरतो. शेवटच्या महिन्यांत ११० ते १६० हा नेहमीचा वेग. त्यातही बाळ हललं की मिनिटाला पंधरा-वीस ठोके सहज वाढतात, झोपलं की कमी होतात.

आता १४० चा नियम लावून बघा. नवव्या आठवड्यात जवळपास प्रत्येक बाळ 'मुलगी' ठरेल. आठव्या महिन्यात तेच बाळ झोपेत 'मुलगा' आणि जागेपणी पुन्हा 'मुलगी'!

हे तपासूनही झालं आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या तिमाहीतल्या ४७७ गर्भांचे ठोके पाहिले गेले. मुलींची सरासरी सुमारे १५२, मुलग्यांची सुमारे १५५. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका किरकोळ आहे, आणि जो आहे तोही समजुतीच्या उलट दिशेचा!

पोट आणि डोहाळे

पोट पुढे आलंय की पसरलंय, हे आईची उंची, पोटाच्या स्नायूंचा ताण, कितवं बाळंतपण आहे, बाळ आडवं आहे की उभं, यावर ठरतं. पहिल्या खेपेला स्नायू घट्ट असतात म्हणून पोट वर आणि आटोपशीर दिसतं. बाल्टिमोरमध्ये १०४ गर्भवतींना बाळाविषयीचा अंदाज विचारला होता. शंभरातल्या ५५ जणींचा बरोबर आला, म्हणजे छापा-काटा केल्यासारखाच. पोटाच्या आकाराचा बाळाच्या लिंगाशी काही संबंध सापडला नाही.

डोहाळ्यांचं तर प्रत्येक घरात वेगळं. आंबट खावंसं वाटलं की एक आजी मुलगा म्हणते, दुसरी मुलगी. माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर मात्र मला जरूर सांगा, कारण त्यामागे अनेकदा शरीरातलं लोह कमी झालेलं असतं. तेव्हा हिमोग्लोबिन तपासायला हवं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दवाखान्यात दाखल करावं लागेल इतक्या तीव्र उलट्या होणाऱ्या स्त्रियांमध्ये मुलींचं प्रमाण किंचित जास्त आढळलं आहे. पण ते हजारो बायकांची बेरीज केल्यावर दिसतं. तशाच उलट्या होऊन मुलगा झालेल्या बायकाही भरपूर आहेत. समोरच्या एका बाईविषयी त्यावरून काही सांगता येत नाही.

मग 'आमचं खरं निघालं' कसं?

दोनच शक्यता असतात, त्यामुळे निम्मे अंदाज बरोबर येणारच. या सासूबाईंनी तर दोन्ही भाकितं करून ठेवली होती. त्या सुनेला काय झालं हे मी सांगत नाही. काहीही झालं तरी त्यांचं एक भाकीत खरं ठरणारच होतं, आणि गल्लीत तेवढंच सांगितलं जाणार होतं.

डोहाळजेवणात वाटी उचलून पेढा की बर्फी बघतात, ते हसण्यावारी जातं. पण रिपोर्टमधला आकडा छापील असतो, त्याला डॉक्टरांच्या मशीनचं वजन येतं. गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. ती बंदी ज्या बाईसाठी आहे, तिलाच घरातले लोक एका निरर्थक आकड्यावरून शिक्षा देतात. काही घरांत तर याच संशयावरून गर्भ पाडण्याची भाषा सुरू होते.

ठोके आम्ही मोजतो ते बाळ जिवंत आणि सुखरूप आहे का हे पाहायला. नवव्या आठवड्यात १६८ म्हणजे हृदय त्या वयाला साजेसं चाललं आहे. घरच्यांनी रिपोर्ट वाचायचाच असेल तर तेवढं वाचावं, आणि सुनेला जेवलीस का विचारावं.