खणाचे ब्लाउज आणि एक इंच माया

या वेळी पाहणीस घेतला आहे तो नवी पेठेमागच्या एका बोळातील शिंप्याचा हात. नाव देत नाही. कारण त्याच्या खात्यात जमेबरोबर नावेही आहे.

प्रसंग सूनबाईंच्या डोहाळजेवणाचा. नणंदबाईंनी गुळेदगुडहून हिरवा खण आणला होता. सातव्या महिन्यात नेसायचे, माप मात्र तीन आठवडे आधी द्यायचे. आणि बाळंतपणानंतरही तेच ब्लाउज अंगात यावे ही सूनबाईंची हौस. तेव्हा मास्तरांना पहिलीच अट घातली, "दोन्ही कुशींना इंचभर माया ठेवा." मास्तर म्हणाले, "वहिनी, खणाचा पन्हा अरुंद. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर माया कुशीला मिळेल, बाहीला मिळणार नाही." त्यांनी हे कापण्यापूर्वी सांगितले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. उरलेले तुकडे परत द्यावेत, असे पावतीवर लिहून घेतले. ही माझ्या सासूबाईंची शिकवण. त्या तुकड्यांनीच पुढे लाज राखली.

कार्यक्रम रविवारी होता. मी मास्तरांना सोमवारची तारीख सांगितली आणि कार्यक्रमाचा उच्चारही केला नाही. लग्नसराईत शिंप्याला खरी तारीख सांगितली की तो आदल्या रात्रीपर्यंत निर्धास्त असतो. सोमवारी दुकानात गेले तर हुक लागायचे होते. मंगळवारी "उद्या", बुधवारी वीज गेली होती. गुरुवारी संध्याकाळी ब्लाउज हाती आले. तीन दिवसांचा उशीर. निरोप एकही नाही. दरवेळी मलाच बोळ चढावा लागला, आणि राग आला तो उशिरापेक्षा या निरोप न देण्याचा.

घरी आणून आधी उलटे केले. ब्लाउजची परीक्षा आतूनच होते. टीप बारीक आणि सरळ होती, पट्टी ठेवून मोजली तर इंचाला अकरा टाके. खणाचे सूत कडेने लवकर सुटते, म्हणून प्रत्येक कडेला इंटरलॉक हवाच, तो होता. गळ्याची तुरपाई हाताची, उजव्या बाजूस दिसत नव्हती. अस्तर सुती. ते कापण्याआधी भिजवून इस्त्री केले नसेल तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरचे कापड चुण्या पाडीत आत ओढले जाते. मास्तरांनी भिजवले होते की नाही, ते दिसून कळत नाही. मी विचारले, त्यांनी हो म्हटले. पहिल्या धुण्यात खरेखोटे होईल.

सूनबाईंनी घातले. छातीत घट्ट. तीन आठवड्यांत माप छत्तीसाचे सदतीस झाले होते, त्यात शिंप्याचा दोष नाही. कुशीच्या दोन शिलाया, प्रत्येकीला पुढची आणि मागची अशा चार कडा. प्रत्येक कडेतून पाव इंच सोडला की घेर एक इंचाने वाढतो. माया होती म्हणून हे सहज साधले.

खरी अडचण मुंढ्यात होती. ओटी भरून घेण्यासाठी हात पुढे करताच ब्लाउज कमरेवरून वर सरके आणि दंडाला कापड रुते. शुक्रवारी दुकानात मास्तरांच्या हाताखालच्या मुलाने लगेच कात्री उचलली, "मुंढा थोडा खोल करतो." मी हात धरणार, तोच मास्तरांनी त्याला थांबवले. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खालून बांधलेली. हात उचलला की सारे ब्लाउज वर ओढले जाते. खोल केल्याने काखेत मोकळे वाटते, पण ओढ वाढते, आणि एकदा कापलेले कापड परत येत नाही.

बाहीला माया नव्हतीच. मग मास्तरांनी काखेतली शिलाई दोन-दोन इंच उसवली, उरलेल्या खणातून चौकोनी तुकडा तिरपा धरून तेथे बसवला आणि अस्तरालाही तसाच जोड दिला. तासभर काम चालले. मला बाकावर बसवून चहा दिला, दुरुस्तीचा पैसा घेतला नाही. हात खाली असताना तो तुकडा दिसत नाही. वर केला की काठाची रेघ तेवढी मोडलेली दिसते.

रविवारी सूनबाईंनी पाच सवाष्णींकडून ओटी भरून घेतली, झोपाळ्याच्या दोरीला हात उंच धरून फोटो काढले. ब्लाउज जागचे हलले नाही.

पुढच्या वेळी कापड याच मास्तरांकडे जाईल. तारीख मात्र आठवडाभर आधीची सांगेन, आणि कच्च्या शिलाईवरच एकदा हात वर करून पाहीन. हे मी या वेळीच मागायला हवे होते. कुशीत अजून पाऊण इंच माया शिल्लक आहे. उसवलेला पाव इंच बाळंतपणानंतर पुन्हा आत घ्यायचा आहे, त्याची बोली आताच करून ठेवली आहे.